कवितेचं एक साधं वाक्य करायचं आणि मग त्यातून काय निसटलं ते शोधायचं ('औदुंबर' घेऊन)

शाळेत 'कवितेचा भावार्थ लिहा' असा प्रश्न यायचा आणि आम्ही सगळे गाईडमधलं उत्तर पाठ करून लिहायचो, त्यात "कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे" हे वाक्य असायचंच, मग कविता पावसाची असो नाहीतर चिमणीची. मार्क मिळायचे. पुढे बऱ्याच वर्षांनी कविता परत वाचायला लागलो तेव्हा लक्षात आलं की ते वाक्य मी न वाचलेल्या कवितेवरही लिहू शकलो असतो, आणि बहुतेक तसंच लिहीत होतो.

आता मी कविता वाचताना आधी तिचं एक अगदी कोरडं वाक्य करतो, रेशनच्या दुकानात उभं राहून शेजाऱ्याला सांगावं तसं. मग ते वाक्य कवितेशेजारी ठेवतो आणि भांडतो, की बाबा तू काय काय खाल्लंस. अर्धा-पाऊण तास लागतो. छोटी कविता घ्यायची, आठ ते बारा ओळींची, कारण पहिल्यांदा लांब कविता घेतली की वाक्यच होत नाही आणि माणूस वैतागून सोडून देतो.

इथे मी बालकवींची 'औदुंबर' घेतोय. बालकवी म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, १८९० साली खानदेशात धरणगावला जन्म. कविता बहुतेकांना तोंडपाठ असेल, आणि तोंडपाठ असलेली कविता या कामाला जास्त चांगली, कारण पाठ झाली की आपण ती वाचणं बंद केलेलं असतं.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतून

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गरदी पुढे

पायवाट पांढरी तयांतुन अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुन चालली काळ्या डोहाकडे

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर

सगळ्यात आधी ही कविता हाताने कागदावर उतरवा, एक ओळ सोडून एक, म्हणजे मध्ये खुणा करायला जागा राहते. फोनवर वाचून हे होत नाही, मी करून बघितलंय, बोट सरकत राहतं आणि डोळे पण.

वाक्य कसं करायचं

वाक्याला नियम तीनच. वीस शब्दांच्या आत. 'कवी म्हणतो', 'कवितेत दाखवलंय' असलं काही नाही, थेट काय आहे आणि काय होतं तेवढंच. आणि कौतुकाचा किंवा दुःखाचा एकही शब्द नाही, म्हणजे सुंदर, रम्य, उदास, गूढ हे सगळे बाद.

लोक इथे दोन प्रकारे चुकतात. एक म्हणजे "यात निसर्गाचं वर्णन आहे". हे कवितेबद्दलचं वाक्य झालं, कवितेचं नाही. ओळखायची सोपी खूण अशी की तेच वाक्य दुसऱ्या दहा कवितांना लावून बघा, लागलं तर ते फेकून द्या. दुसरी चूक जरा हुशार लोकांची असते, ते एकदम "आयुष्याची वाट शेवटी मृत्यूच्या डोहाकडे जाते" असं लिहून मोकळे होतात. असेलही तसं. पण डोह म्हणजे मृत्यू हे तुम्ही काढलेलं अनुमान आहे, आणि अनुमानाचा सारांश केला की नंतर तपासायला हातात काही उरत नाही. आधी पाण्याला पाणीच म्हणायचं.

मी पहिल्यांदा केलेलं वाक्य हे:

"ओढ्याकाठी एक छोटं गाव आणि शेतं आहेत, त्यातून एक पायवाट डोहाकडे जाते आणि पाण्याकाठी एक उंबराचं झाड आहे."

अठरा शब्द. नियमात बसतं, ऐकायला बरोबर वाटतं. आता खरं काम सुरू.

आधी वाक्याने काय जास्तीचं घातलं ते बघा

काय गाळलं ते शोधायच्या आधी हे करायचं, कारण सारांश गाळतो तसा गुपचूप भर पण घालतो, आणि ती भर आपल्याच डोक्यातली असल्यामुळे आपल्याला दिसत नाही. वाक्यातला एकेक शब्द घ्यायचा आणि कवितेत त्याच्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही की तो शब्द आपला.

मी 'ओढ्याकाठी गाव' लिहिलं होतं. कवितेत गाव काठावर नाहीच! ते 'पैल टेकडीकडे' आहे, म्हणजे पाण्याच्या पलीकडे, लांब, टेकडीच्या बाजूला. मला ही कविता लहानपणापासून पाठ आहे आणि इतकी वर्षं माझ्या डोक्यात गाव नदीकाठी होतं, कारण चित्रकलेच्या वहीतलं गाव नेहमी नदीकाठी असायचं, मागे दोन डोंगर आणि मध्ये सूर्य.

'पाण्याकाठी झाड' हेही चूक. झाडाने पाय पाण्यात टाकलेत, ते नुसतं काठाला नाहीये. आणि एक बारीक गोष्ट, औदुंबर त्या डोहाच्याच पाण्यात आहे असं कविता कुठेही सरळ सांगत नाही. पायवाट काळ्या डोहाकडे चालली, इथे एक कडवं संपतं, पुढच्यात 'जळ' येतं आणि आपण दोन्ही जोडून घेतो. बहुतेक बरोबरच जोडतो, पण जोडतो आपण.

पायवाटही 'चालली' आहे, पोचलेली नाही. माझ्या वाक्यात ती 'जाते', म्हणजे रस्ता कुठे जातो हे सांगणाऱ्या पाटीसारखं. 'चालली' म्हटल्यावर ती आत्ता, आपल्यासमोर निघालेली आहे.

मग वाक्य दुरुस्त केलं: "ओढ्यापलीकडे टेकडीजवळ एक छोटं गाव आहे, त्याच्या पुढच्या शेतांतून एक पायवाट डोहाकडे जाते आणि पाण्यात एक उंबराचं झाड आहे." एकोणीस शब्द. 'जाते' मुद्दाम तसंच ठेवलं, त्याचा हिशोब पुढे.

पेन्सिलने खोडणं

आता उलटं. कवितेतले जे शब्द तुमच्या वाक्यात कुठल्या ना कुठल्या रूपात आलेत ते कागदावर पेन्सिलने हलके खोडायचे. झरा, गाव, टेकडी, शेतमळे, पायवाट, डोह, जळ, औदुंबर. चार घरांचे आणि चिमुकले हे 'छोटं' मध्ये आले असं धरू. जे उरतं ते गोल करा.

उरलं ते असं दिसतं: हिरवाळी, निळासावळा, बेटाबेटांतून, दाट, हिरवी गरदी, पांढरी, अडवीतिडवी, हिरव्या कुरणांमधुन, काळ्या, झाकळुनी, गोड काळिमा, पसरी लाटांवर, पाय टाकुनी, बसला, असला. सातवी ओळ तर 'जळ' सोडलं तर अख्खीच्या अख्खी उरली. आठ ओळींच्या कवितेतली एक पूर्ण ओळ सारांशाला लागलीच नाही, हा आकडा बघूनच थांबायला पाहिजे.

आता या उरलेल्या ढिगाची वर्गवारी करायची, पण व्याकरणाच्या पुस्तकासारखी नाही, एकाच प्रकारचं काय काय उरलंय एवढंच. इथे सगळ्यात आधी डोळ्यात भरतात ते रंग. पहिल्या ओळीत हिरवाळी, चौथीत हिरवी, सहावीत हिरव्या. मध्ये एकदा पांढरी. आणि सहाव्याच ओळीच्या शेवटी 'काळ्या', सातवीत 'काळिमा', आठवीत रंगच नाही. म्हणजे सहावी ओळ हिरव्यात सुरू होते आणि काळ्यात संपते, रंगाचा बदल तिथे एका ओळीच्या आत होतो आणि तो बदल करत नेते ती पायवाट. हे मी शोधायला गेलो नव्हतो, फक्त न खोडलेले शब्द वरून खाली वाचले.

दुसरा ढीग क्रियापदांचा. माझ्या वाक्यात 'आहे' दोनदा आलंय. कवितेत 'आहे' एकदाही नाही. झरा वाहतो, गरदी लागली, पायवाट पडे, चालली, काळिमा पसरी, औदुंबर बसला. सगळेच काहीतरी करतायत. एका गावाच्या ओळीला तेवढं स्वतःचं क्रियापद नाही, ते नुसतं टेकडीकडे ठेवलेलं आहे, जिथे माणसं असायला हवीत नेमकं तेच निपचित.

आणि इथे मला एक गोष्ट दिसली ती तोपर्यंत कधी दिसली नव्हती. या कवितेत माणूस नाही. घरं आहेत, शेतमळे आहेत, पायवाट आहे, म्हणजे माणसाच्या सगळ्या खुणा आहेत, गरदीसुद्धा आहे पण ती शेतांची, आणि माणूस एक पण नाही. पायवाट तर पायांनी पडते, ते पाय कुठेत? ते शेवटच्या ओळीत येतात आणि ते झाडाचे असतात. माणसासारखं काही करणारा, म्हणजे पाण्यात पाय सोडून बसणारा, अख्ख्या कवितेत तो एकटा औदुंबर. माझ्या वाक्यात गाव होतं म्हणून मी तिथे माणसं आहेत असं धरूनच चाललो होतो.

शब्द बदलून बघणं

उरलेल्या शब्दांपैकी कुठला खरंच महत्त्वाचा आणि कुठला नुसता ओळ भरायला आलाय हे कसं कळणार? तर त्याच्या जागी दुसरा शब्द घालून, मोठ्याने म्हणून. पण बदली शब्द चालीत बसणारा हवा, नाहीतर फक्त चाल मोडल्यामुळे वाईट वाटेल आणि आपल्याला वाटेल अर्थ मोडला.

म्हणून जरा मात्रा मोजायला लागतात, घाबरायचं कारण नाही. ऱ्हस्व अक्षर एक, दीर्घ अक्षर दोन. 'ऐल तटावर' आठ, 'पैल तटावर' आठ, 'हिरवाळी घेऊन' अकरा. पुढच्या ओळी अशाच आठ, आठ, अकरा चालतात. शेवटच्या दोन ओळींत शेवटचा तुकडा दहाचा भरतो, तिथे शेवटचं 'र' लांबवून म्हटलं की अकरा होतात, म्हणताना आपण ते न सांगता करतोच.

आता 'पाय' म्हणजे तीन मात्रा. 'मुळे' म्हणजेही तीन. मग म्हणा: "मुळे टाकुनी जळात बसला असला औदुंबर". चालीत चपखल बसतं, आणि वनस्पतिशास्त्राला धरून जास्त बरोबर आहे, उंबर पाण्याजवळ वाढतो आणि त्याची मुळं पाण्याकडे जातातच. तरी ओळ मेली. मुळं टाकली म्हटल्यावर ते झाड झालं, आणि झाड तिथे असणारच, त्यात काय. 'पाय'मध्ये तो कोणीतरी आपणहून येऊन बसलेला होता.

'गोड' च्या जागी 'घोर' घाला, दोन्ही तीन मात्रांचे. "झाकळुनी जळ घोर काळिमा पसरी लाटांवर". आता सगळं सोपं झालं, काळा डोह, घोर काळिमा, भीती वाटायलाच पाहिजे. खऱ्या ओळीत ते सोपं होत नाही. काळिमा हा मराठीत चांगला शब्द नाही, नावाला काळिमा फासणे म्हणतो आपण, आणि त्याला हा माणूस गोड म्हणतो. तुमचा सारांश जर 'शेवटी वातावरण भीतीदायक होतं' असं म्हणत असेल तर हा एक शब्द त्याला पुरून उरतो, आणि 'शेवटी शांत वाटतं' म्हणत असेल तर 'काळिमा' पुरून उरतो.

'दाट' बदलून बघितलं, 'हिरवी' बदलून बघितलं, फार काही बिघडलं नाही. म्हणजे प्रत्येक उरलेला शब्द खजिना नसतो, आणि असं निघालं की ते तसं लिहून ठेवावं, ओढूनताणून अर्थ काढू नये.

'औदुंबर' च्या जागी 'उंबर' घातला तर मात्रा मोडतात, पण चाल सोडून नुसता विचार करून बघा. झाड तेच. रोजच्या बोलण्यात आपण उंबरच म्हणतो. औदुंबर म्हटलं की दत्त आठवतो, दत्ताच्या देवळापाशी हे झाड असायचंच, सांगली जिल्ह्यात कृष्णेकाठी तर औदुंबर नावाचं दत्ताचं क्षेत्रच आहे. म्हणून काही जणांना यात ध्यानस्थ बसलेला योगी दिसतो. काहींना उलट पाण्यात पाय हलवत बसलेलं बेफिकीर पोर दिसतं. माझ्या वाक्यातलं 'उंबराचं झाड' या दोघांनाही बाहेर ठेवतं, आणि मी ते 'उंबर' सहज म्हणून लिहिलं होतं, अजिबात विचार न करता.

जिथे वाक्याला एक बाजू घ्यावी लागते

सारांश करताना कधी कधी आपण कवितेतली अडचण न बघता ओलांडून जातो. सातवी ओळ परत वाचा. काळिमा कोण पसरतंय? काळिमाच लाटांवर पसरतो, की पुढच्या ओळीतला औदुंबर आपल्या सावलीने जळ झाकळून तो पसरवतो? 'पसरी' दोन्ही अर्थाने चालतं. पहिला अर्थ घेतला तर औदुंबर अंधारात येऊन बसलाय, दुसरा घेतला तर अंधार त्याचाच आहे. फरक केवढा मोठा, आणि माझ्या एकोणीस शब्दांत तो प्रश्नच शिल्लक नव्हता.

तशीच दुसरी अडचण 'गोड'ची. 'जळ गोड' असं जोडायचं, म्हणजे गोडं पाणी, की 'गोड काळिमा'? इथे मोजलेल्या मात्रा उपयोगी पडतात. 'झाकळुनी जळ' आठ, 'गोड काळिमा' आठ. म्हणताना थांबा 'जळ' नंतर येतो आणि 'गोड' पुढच्या शब्दाकडे ढकलला जातो. म्हणून मी 'गोड काळिमा' वाचतो. मात्र ही पक्की साक्ष धरू नका, कारण पाचव्या ओळीत तोच आठ मात्रांचा थांबा 'पांढरी' या शब्दाला मधूनच कापतो, पां आणि ढरी. कवी थांब्याला बांधलेला नाही, फक्त कल सांगता येतो.

असं काही सापडलं की कागदाच्या समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि दोन्ही वाचनांची दोन वेगळी वाक्यं करून ठेवायची. एकातच कोंबायचं नाही.

क्रम हलवून बघा

ही टेस्ट दोन मिनिटांची आहे पण मजेशीर. शेवटचं कडवं उचलून सगळ्यात वर ठेवा आणि वाचा. आधी काळिमा, औदुंबर, मग झरा, गाव, शेतं, पायवाट, आणि शेवट "काळ्या डोहाकडे". माझं सारांश-वाक्य या उलट्या कवितेलाही लागू पडतं, फक्त शेवटचा तुकडा पुढे घ्यायचा. पण वाचताना सगळं बदललं. आता औदुंबर एक सामान झालं, आणि पायवाट त्याच्याकडे परत जाते असं वाटतं.

खऱ्या क्रमात नजर लांबून जवळ येते. पैल टेकडी, मग तिच्या पुढची शेतं, कुरणं, मग पाणी, मग पाण्यात पाय. मधल्या चार ओळींचे शेवट बघा, टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे, सगळे एकाच आवाजाचे, सरकत नेणारे. शेवटच्या दोन ओळींत तो आवाज थांबतो, लाटांवर, औदुंबर. झाड हा कवितेतला अगदी शेवटचा शब्द आहे. शीर्षकाने तो आधीच फोडलाय हे खरं, म्हणून ज्याने कधीच वाचली नाही अशा कोणाला तरी शीर्षक झाकून ऐकवा. मी माझ्या भाचीला ऐकवली, नववीत आहे ती, तर ती शेवटी म्हणाली, "मामा, मला वाटलं कोणीतरी माणूस बसलाय." औदुंबर हा शब्द यायच्या आधी 'पाय टाकुनी जळात बसला' एवढं ऐकून होतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला अर्धी ओळ खरंच माणूस मिळतो आणि मग काढून घेतला जातो. पाठ असलेल्यांना हे कधी कळणार नाही.

उरलेलं खरं की आपण घातलेलं?

एवढं सगळं सापडायला लागलं की माणसाला चव लागते आणि मग तो वाटेल ते शोधायला लागतो. आमच्या वाचनाच्या गटात एकदा एक काका म्हणाले की काळा डोह म्हणजे कवीला आपला मृत्यू दिसला होता, कारण बालकवी १९१८ साली भादली स्टेशनजवळ रेल्वेच्या अपघातात गेले, वयाची तिशीही झाली नव्हती. अपघात खरा, वय खरं. पण कविता लिहिताना लिहिणाऱ्याला ते माहीत नव्हतं, ते आपल्याला माहीत आहे आणि आपण ते डोहात टाकतोय. काकांना हे पटायला दोन चहा लागले.

यासाठी माझा एकच नियम, सारांशातून निसटलेली गोष्ट कवितेतल्या एखाद्या शब्दावर, क्रमावर किंवा नादावर बोट ठेवून दाखवता आली पाहिजे. 'माणूस नाही' हे दाखवता येतं, आठ ओळी वाचा, नाहीये. 'हिरव्यातून काळ्यात' हे दाखवता येतं. 'कवीच्या मनातली उदासी' हे दाखवता येत नाही, या कवितेत 'मी' सुद्धा नाही. उदास वाटत असेल तर वाटू दे, पण मग 'मला कुठल्या शब्दापाशी वाटलं' एवढं तरी लिहायचं.

अजून एक. सगळ्याच कविता अशा चित्रासारख्या नसतात. काही कविता स्वतःच एक विधान करतात आणि तिथे सारांश इतका पटकन होतो की काही निसटलं असेल असं वाटतच नाही. बहिणाबाई चौधरींची घ्या, त्याही खानदेशातल्याच, असोद्याच्या:

अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर
आधी हाताला चटके, तव्हा मियते भाकर

वाक्य: "संसारात आधी त्रास होतो, मग सुख मिळतं." झालं? आता बोट ठेवा. 'सुख' कुठे आहे? नाहीये. भाकर आहे. भाकर म्हणजे सुख नाही, भाकर म्हणजे आज पोट भरलं, उद्या परत चूल आणि परत चटके. 'त्रास' पण नाहीये, हाताला चटके आहेत, म्हणजे बोलणाऱ्या बाईला हात आहे आणि ती आत्ता तव्यापाशी आहे, लांबून उपदेश करत नाहीये. सारांशाने दोन्ही टोकांना मोठे शब्द बसवले आणि मधली बाई उठवून लावली. अशा कवितेत खोडाखोडीपेक्षा ही एकच तपासणी पुरते, वाक्यातले मोठे शब्द, म्हणजे सुख, दुःख, जीवन, प्रेम, हे कवितेत खरंच आहेत का, आणि नसले तर त्यांच्या जागी कुठली हाताने धरता येणारी वस्तू होती.

शेवटी वाक्य परत लिहायचं

हे बरेच जण करत नाहीत, आणि मग सगळी मेहनत नोट्समध्येच राहते. सगळं झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, कविता समोर न ठेवता पुन्हा एक वाक्य लिहा, वीस शब्दांचाच नियम. माझं दुसरं वाक्य असं झालं:

"माणूस कुठेच दिसत नाही अशा हिरव्या गावातून पायवाट काळ्या डोहाकडे चालली, आणि पाण्यात पाय टाकून बसलाय तो फक्त औदुंबर."

एकोणीस शब्द. पहिल्याशेजारी ठेवा म्हणजे कळेल काय बदललं. टेकडी गेली, ओढा गेला, त्यांचं वाईट वाटलं नाही. 'आहे' दोन्ही वेळा गेला. रंग आले, माणसाची रिकामी जागा आली, 'जाते' चं 'चालली' झालं. 'गावातून' हे परत चुकलंच, वाट शेतांतून आणि कुरणांतून आहे, पण 'शेतांतून' घातलं तर गाव जातं आणि गाव गेलं की माणूस नसण्याला काही अर्थ उरत नाही, मग मी ही चूक माहीत असून ठेवली आणि बाजूला तसं लिहिलं.

आणि 'असला' काही केल्या बसला नाही. मी त्याच्या जागी 'तेथे' घालून बघितलं, चार मात्रा, चालीत बसतं, "जळात बसला तेथे औदुंबर", आणि झाड कुठे आहे ते कळलं, बाकी काही नाही. असला म्हणजे या तऱ्हेचा, असा. पण बोलताना आपण 'असला' नुसतं वर्णन म्हणून म्हणत नाही, असला पाऊस, असला माणूस, त्यात थोडं कौतुक असतं, थोडी नाराजी असते, आणि कसला ते समोरच्याला दिसतंय हे धरलेलं असतं. शिवाय 'बसला असला' असा तो बसलाला चिकटून येतो आणि कानाला वाटतं तोच शब्द परत आला. 'असा औदुंबर' लिहिलं तर कौतुक जातं, 'असला औदुंबर' माझ्या वाक्यात लिहिलं तर वाचणारा विचारतो कसला, आणि त्याचं उत्तर द्यायला परत वरच्या साडेसात ओळी म्हणून दाखवाव्या लागतात.